न आखलेल्या रेषेचा धनी

गणित ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या मुलांना सिमसन हे नाव पाठ असते. कोणताही त्रिकोण घ्या, त्याच्या तिन्ही शिरोबिंदूंतून जाणारे वर्तुळ, म्हणजे परिवर्तुळ काढा. त्या वर्तुळावर वाटेल तिथे एक बिंदू ठेवा आणि त्यातून त्रिकोणाच्या तीन बाजूंवर तीन लंब टाका. लागेल तिथे बाजू वाढवून घ्या. हे लंब बाजूंना जिथे टेकतात ते तीन लंबपाद नेहमी एकाच सरळ रेषेत येतात. त्या रेषेला सिमसन रेषा म्हणतात. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्या रॉबर्ट सिमसन यांच्या छापील ग्रंथांत मात्र ती कुठेही नाही. जुन्या ग्रीक भूमितीत कोणते प्रमेय कोणाचे आणि त्यात नंतर कोणी काय मिसळले, हे शोधण्यात या माणसाने उभे आयुष्य घालवले. त्याच्या वाट्याला ही चूक यावी, हा योग विचित्रच म्हणायचा.

सिमसन यांचा जन्म १४ ऑक्टोबर १६८७ चा, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील वेस्ट किलब्राइड गावचा. वडील ग्लासगोत व्यापार करत. मुलाने धर्मोपदेशक व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. त्यासाठी १७०२ मध्ये तो ग्लासगो विद्यापीठात दाखल झाला आणि लॅटिन, ग्रीक, पौर्वात्य भाषा व धर्मशास्त्र शिकू लागला. अभ्यासात हुशार होता, पण धर्मशास्त्रातले वाद त्याला अस्वस्थ करत. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद पटण्यासारखे वाटत आणि निकाल मात्र लागत नसे. म्हणून विरंगुळा म्हणून त्याने गणिताचे पुस्तक हातात घेतले. त्या वेळचे गणिताचे प्राध्यापक वर्ग घेतच नव्हते, त्यामुळे शिकवायला कोणी नव्हते. युक्लिडची भूमिती सिमसन जवळपास एकट्यानेच वाचली. इथे एकदा सिद्ध झालेली गोष्ट पुन्हा वादात सापडत नव्हती, आणि त्याला हेच हवे होते.

विद्यापीठाचे लक्ष या विद्यार्थ्याकडे गेलेच. गणिताची जागा रिकामी होणार होती, ती त्याने घ्यावी असे सुचवण्यात आले. तेविशीतल्या सिमसन यांनी होकार देण्याआधी एक वर्ष मागून घेतले आणि १७१० मध्ये ते लंडनला गेले. तिथे त्यांना एडमंड हॅली भेटले, ज्यांच्या नावाने धूमकेतू ओळखला जातो तेच. हॅली खगोलशास्त्रज्ञ होतेच, शिवाय प्राचीन ग्रीक भूमितीचे मोठे जाणकारही होते. अपोलोनियसच्या ग्रंथांवर ते स्वतः काम करत होते. ग्रीक भूमितिकारांचे हरवलेले ग्रंथ पुन्हा उभे करण्याच्या कामाकडे सिमसन यांना वळवले ते त्यांनीच. वर्षभराने सिमसन ग्लासगोला परतले, परीक्षेसाठी घातलेला भूमितीचा प्रश्न त्यांनी सोडवून दाखवला आणि १७११ मध्ये ते प्राध्यापक झाले. ही जागा त्यांनी १७६१ पर्यंत सांभाळली, म्हणजे तब्बल पन्नास वर्षे.

या पन्नास वर्षांत बाहेरून पाहता फारसे काही घडले नाही. लग्न केले नाही. राहणे विद्यापीठाच्या आवारातच. शिकवणे, वाचणे, फिरणे आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मित्रांबरोबर बसणे, एवढाच क्रम. शुक्रवारी संध्याकाळी जवळच्या खाणावळीत मंडळी जमत, त्यात अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ आणि रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांच्यासारखी माणसे असत. शनिवारी मैलभर अंतरावरच्या अँडर्स्टन खेड्यात जेवणाचा बेत असे. सिमसन पत्ते आवडीने खेळत, वनस्पतींची त्यांना चांगली जाण होती, आणि रंगात आले की ग्रीक कविता नव्या चालींवर गात. फिरताना पावले मोजण्याची त्यांना सवय होती. वाटेत कोणी अडवले तर आकडा विसरू नये म्हणून ते तो मोठ्याने उच्चारत, मग समोरच्याशी बोलत आणि नंतर तिथूनच पुढे मोजू लागत. या गोष्टी त्यांच्या विद्यार्थ्यांनी मागे लिहून ठेवल्या आहेत. विद्यार्थीही साधे नव्हते. कॉलिन मॅक्लॉरिन, मॅथ्यू स्ट्युअर्ट, जॉन रॉबिसन ही पुढे नावाजलेली माणसे त्यांच्याच हाताखाली शिकली. यांतल्या रॉबिसन यांचे नाव लक्षात ठेवावे. या गोष्टीत ते पुन्हा येणार आहेत.

मनात मात्र एक कोडे वर्षानुवर्षे घर करून होते. युक्लिडने पोरिझम नावाचा तीन भागांचा एक ग्रंथ लिहिला होता. तो हरवला. त्याच्याविषयी जे काही कळते ते चौथ्या शतकातल्या पॅपस या ग्रीक गणितज्ञाच्या टिपणातून, आणि ते टिपण नकला होता होता इतके खराब झाले होते की त्यातले बरेच काही लागतच नव्हते. हॅलींनी १७०६ मध्ये ते ग्रीक मजकुरासह छापले आणि आपल्याला त्याचा उलगडा होत नाही, हे मोकळेपणाने कबूल केले. सिमसन यांनी हे काम हाती घेतले. रात्री झोप लागेना, इतके ते त्याच्या मागे लागले. अखेर कंटाळून त्यांनी नाद सोडायचे ठरवले. १७२२ च्या एप्रिलमध्ये ते मित्रांबरोबर क्लाइड नदीच्या काठी फिरत होते. विचारात मागे पडले आणि अचानक वाट दिसली. जवळच्या झाडावर खडूने आकृती काढून त्यांनी ती तिथल्या तिथे तपासली, अशी हकिकत सांगतात. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा याविषयीचा लेख छापून आला.

त्यांना उलगडलेल्या विधानांपैकी एक इथे पाहण्यासारखे आहे. एकमेकींना छेदणाऱ्या चार रेषा घेतल्या तर त्यांचे सहा छेदनबिंदू होतात. त्यातल्या एका रेषेवरचे तीन बिंदू पक्के धरा आणि बाकीच्या तीन रेषा त्या बिंदूंभोवती फिरू द्या. या तीन रेषांचे आपापसांत तीन छेदनबिंदू होतात. त्यांपैकी दोन जर ठरलेल्या सरळ रेषांवरून सरकत असतील, तर तिसराही आपोआप एका ठरलेल्या सरळ रेषेवरूनच सरकतो. आकृती हलत राहते, पण तिच्यातले काहीतरी रेषेवरून हटत नाही. सिमसन यांचे नाव अशा विधानांशी कायमचे जोडले गेले. पुढे त्यांच्या नावावर जी रेषा चढली तीही याच जातीची आहे, आणि बहुधा घोटाळा तिथेच झाला असावा.

ती रेषा नेमकी कशी वागते, हे चौकटींच्या कागदावर अर्ध्या तासात पाहता येते. मध्यभागी शून्य धरून ५ एकक त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्यावर अ हा बिंदू सर्वांत वर, म्हणजे (०, ५) वर घ्या. खाली डावीकडे ब हा (−४, −३) वर आणि उजवीकडे क हा (४, −३) वर. तिन्ही बिंदू वर्तुळावर आहेत, हे पायथागोरसच्या प्रमेयाने लगेच पडताळता येते. आता वर्तुळाच्या उजव्या टोकाला, (५, ०) वर प हा बिंदू ठेवा आणि तीन लंब टाका. बक ही बाजू आडवी आहे, त्यामुळे तिच्यावरचा लंब सरळ खाली येतो आणि (५, −३) वर टेकतो. क तर ४ वरच संपतो, म्हणून बाजू उजवीकडे थोडी वाढवावी लागते. या पादाला द म्हणू. अक बाजूवरचा पाद, त्याला इ म्हणू, (३, −१) वर येतो. अब बाजूवरचा पाद फ हा (−१, ३) वर येतो. प्रत्येक बिंदूच्या दोन आकड्यांची बेरीज करून पाहा: ५ आणि −३, ३ आणि −१, −१ आणि ३. तिन्ही वेळा २ येते. म्हणजे तिन्ही बिंदू एका तिरक्या सरळ रेषेवर आहेत.

हे करताना हमखास होणारी चूक एकच. द हा पाद बाजूच्या बाहेर पडतो हे पाहून अनेकांना आपली आकृती चुकली असे वाटते, किंवा ते लंब ओढूनताणून बाजूच्या आत टेकवतात. मग तीन बिंदू रेषेत येत नाहीत आणि प्रमेयच खोटे वाटू लागते. बहुतेक वेळा दोन पाद बाजूंवर आणि एक वाढवलेल्या बाजूवर पडतो. एक जरी बाहेर गेलेला दिसला नाही, तर गुण्या पुन्हा लावून पाहावा. काही खास जागा मात्र वेगळ्या आहेत. प जर एखाद्या शिरोबिंदूवरच ठेवला तर दोन पाद त्या शिरोबिंदूत मिसळतात आणि रेषा म्हणजे त्रिकोणाचा त्या बिंदूतून जाणारा शिरोलंब होतो. प हा शिरोबिंदूच्या अगदी समोर, व्यासाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला तर रेषा त्या शिरोबिंदूसमोरच्या बाजूवर जाऊन बसते. आपल्या आकृतीत प ला सर्वांत खाली, (०, −५) वर नेले की हे दिसते.

असे का होते, याचे उत्तर शाळेतल्या दोन प्रमेयांत आहे. पहिले असे की वर्तुळात काढलेल्या चौकोनाच्या समोरासमोरच्या कोनांची बेरीज १८० अंश असते. दुसरे म्हणजे एकाच जीवेवर तिच्या एकाच बाजूने उभे केलेले वर्तुळातले कोन सारखे असतात. आता अबकप हा चौकोन वर्तुळातच आहे. म्हणून अ पाशी पअ आणि अब यांच्यातला कोन आणि क पाशी पक आणि कब यांच्यातला कोन यांची बेरीज १८० अंश. द हा क च्या पलीकडे, वाढवलेल्या बाजूवर आहे. त्यामुळे पक आणि कद यांच्यातला कोन हा पअ आणि अब यांच्यातल्या कोनाएवढाच भरतो. मग पकद आणि पअफ हे दोन काटकोन त्रिकोण पाहा. द आणि फ पाशी काटकोन आहेत, क आणि अ पाशीही कोन सारखेच निघाले, म्हणून दोन्ही त्रिकोणांत प पाशी उरणारा कोनही सारखाच. आपल्या आकृतीत तो साधारण साडेअठरा अंशांचा आहे.

पुढची पायरी गोड आहे. द आणि इ या दोन्ही ठिकाणी पक या रेषाखंडासमोर काटकोन होतो, म्हणून प, इ, क, द हे चार बिंदू पक व्यास असलेल्या एका छोट्या वर्तुळावर आहेत. त्या वर्तुळात कद या जीवेवर प पाशी होणारा साडेअठरा अंशांचा कोन इ पाशीही तेवढाच होतो. तसेच प, इ, फ, अ हे पअ व्यासाच्या दुसऱ्या वर्तुळावर आहेत, आणि तिथे अफ या जीवेवरचा प पाशीचा कोन इ पाशी जसाच्या तसा येतो. म्हणजे इ या एकाच बिंदूपाशी दोन सारखे कोन झाले: एक इक आणि इद यांच्यामध्ये, दुसरा इअ आणि इफ यांच्यामध्ये. अ, इ, क तर बाजूवरच असल्याने सरळ रेषेत आहेत, आणि द व फ त्या बाजूच्या दोन अंगांना आहेत. हे दोन कोन समोरासमोरचे आणि सारखे असतील तर द, इ, फ यांनाही सरळ रेषेत यावेच लागते. सिद्धता इथे संपली. प ची जागा बदलली की कोणता पाद बाहेर पडतो ते बदलते, पण युक्तिवाद हाच राहतो.

प वर्तुळावर नसेल तर काय होते, यावरून या रेषेचे मर्म अधिक कळते. प ला वर्तुळाच्या केंद्रावर ठेवा. तीन पाद मग बाजूंचे मध्यबिंदू होतात, आणि त्यांचा त्रिकोण ८ चौरस एककांचा होतो. आपला मूळ त्रिकोण ३२ चौरस एककांचा आहे, म्हणजे नेमका चौथा हिस्सा. प उजवीकडे सरकवत (४, ०) वर आणला की पादांचा त्रिकोण २.८८ वर उतरतो. वर्तुळावर, म्हणजे (५, ०) वर तो शून्य होतो आणि पार चपटा होऊन रेषा बनतो. वर्तुळ ओलांडून (६, ०) वर गेलो की त्रिकोण पुन्हा उघडतो आणि ३.५२ भरतो. म्हणून उलटही खरे आहे: तीन पाद एका रेषेत आले तर प परिवर्तुळावरच असला पाहिजे. एखादा बिंदू वर्तुळावर आहे की नाही हे सिद्ध करायला ऑलिंपियाडची मुले या उलट्या विधानाचाच अधिक वापर करतात.

हे सगळे सिमसन यांना सहज सुचण्यासारखे होते. वापरलेली साधने युक्लिडचीच आहेत. पण त्यांचे लक्ष दुसरीकडे होते. १७३५ मध्ये त्यांनी शांकवांवर, म्हणजे शंकू छेदून मिळणाऱ्या वक्रांवर, ग्रंथ छापला. १७४९ मध्ये अपोलोनियसचा एक हरवलेला ग्रंथ पुन्हा रचून प्रसिद्ध केला. १७५६ मध्ये त्यांची युक्लिडची आवृत्ती लॅटिन आणि इंग्रजीत निघाली. या आवृत्तीने त्यांचे नाव घरोघरी नेले. इंग्रजी शाळांतून पुढची शंभरहून अधिक वर्षे तिच्याच नकला आणि सुधारित प्रती चालल्या.

त्या आवृत्तीमागची भूमिका मोठी ठाम होती. युक्लिडकडून चूक होणे शक्य नाही, तेव्हा ग्रंथात जिथे काही खटकते तिथे ती नंतरच्या कोणाची तरी ढवळाढवळ असणार, असे सिमसन मानत. आरोप बहुतेक वेळा चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा संपादक थिऑन याच्यावर येई. सिमसन यांच्या टिपांमध्ये थिऑनला अक्षरशः पिंजऱ्यात उभे केले आहे. पुढे १८०८ मध्ये फ्रेंच अभ्यासक पेरार यांनी व्हॅटिकनच्या हस्तलिखितांपैकी एक प्रत थिऑनच्या संपादनाआधीच्या परंपरेतली आहे, हे ओळखले. तिच्याशी ताडून पाहता थिऑनच्या माथी मारलेल्या काही गोष्टी त्याच्या आधीपासूनच ग्रंथात होत्या, हे उघड झाले. तोवर सिमसन यांना जाऊन चाळीस वर्षे झाली होती. ज्याचे त्याला देण्याची धडपड प्रामाणिक होती, पण हातात पुरेसे पुरावे नसताना केलेली वाटणी अशी फसते.

त्यांच्या नावाशी आणखी एक असाच प्रकार जोडलेला आहे. १, १, २, ३, ५, ८, १३ अशी प्रत्येक वेळी आधीच्या दोन संख्या मिळवून होणारी मालिका सर्वांच्या ओळखीची आहे. तिच्यातल्या कोणत्याही लागोपाठच्या तीन संख्या घेतल्या, तर टोकाच्या दोहोंचा गुणाकार आणि मधलीचा वर्ग यांत एकाचाच फरक असतो. ५, ८, १३ घेतले तर ६५ आणि ६४. सिमसन यांनी १७५३ मध्ये हे मांडले म्हणून अनेक पुस्तके त्याला सिमसनचे सूत्र म्हणतात. फ्रान्समध्ये कॅसिनी यांनी ते १६८० मध्येच सांगितले होते. इथे निदान सिमसन यांनी ते लिहिले तरी होते.

छापण्याच्या बाबतीत ते कमालीचे संकोची होते. पोरिझमवरचे त्यांचे आयुष्यभराचे काम कागदांच्या गठ्ठ्यांत पडून राहिले. अजून नीट झाले नाही, असे त्यांना वाटत राही. १ ऑक्टोबर १७६८ रोजी, ८१ वे वर्ष पुरे व्हायला दोन आठवडे असताना, ते वारले. ग्रंथसंग्रह आणि कागदपत्रे विद्यापीठाला गेली. पोरिझमवरचे लिखाण १७७६ मध्ये त्यांच्या इतर अप्रकाशित लेखनाबरोबर अर्ल स्टॅनहोप या गणितप्रेमी उमरावाने स्वतःच्या खर्चाने छापले. त्यातही ती रेषा नाही.

सिमसन गेले त्याच्या आठवडाभर आधी, २३ सप्टेंबर १७६८ रोजी, स्कॉटलंडच्या दुसऱ्या किनाऱ्यावर डायसर्ट गावात विल्यम वॉलेस यांचा जन्म झाला. वडील चामड्याच्या धंद्यात होते. शाळा थोडीच झाली. कुटुंब एडिंबरोला आल्यावर मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला. बांधायला येणारी गणिताची पुस्तके तो शिवता शिवता वाचू लागला. पुढे एका वृद्ध सुताराशी त्याची ओळख झाली. हा सुतार विद्यापीठात प्रयोगांच्या मांडणीत मदत करत असे. त्याने या मुलाला ज्या प्राध्यापकांकडे नेले ते होते जॉन रॉबिसन, ग्लासगोत सिमसन यांच्यापाशी भूमिती शिकलेले. रॉबिसन यांनी त्याला पारखले, आपल्या व्याख्यानांना बसू दिले आणि पुढच्या वाटा दाखवल्या. १७९४ मध्ये वॉलेस पर्थच्या शाळेत गणित शिकवू लागले. तिथे असतानाच, १७९९ मध्ये, लेबर्न यांच्या मॅथेमॅटिकल रिपॉझिटरी या नियतकालिकात त्यांनी तीन लंबपादांचे प्रमेय मांडले. गणिताचे प्रश्न आणि उत्तरे छापणारे ते हौशी मंडळींचे पत्र होते. युरोपात ते फारसे कोणी वाचत नसे.

म्हणूनच फ्रान्समध्ये हे प्रमेय पोहोचले ते निनावी. १८१४ मध्ये सर्व्हाँ या फ्रेंच गणितज्ञाने त्याचा वापर करताना, आपल्या मते हे सिमसन यांचे असावे, असे लिहिले. तो अंदाज होता आणि त्याने तसा तो मांडलाही होता. पण १८२२ मध्ये पाँसले यांनी आपल्या गाजलेल्या ग्रंथात हेच नाव घेतले, आणि त्यानंतर अंदाजाचा उल्लेख गळून पडला. एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जाताना नाव पक्के होत गेले. वॉलेस तेव्हा हयात होते. १८१९ पासून ते एडिंबरो विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, आणि नकाशे लहानमोठे करून काढण्याचे आयडोग्राफ नावाचे यंत्र त्यांनी बनवले होते. १८४३ मध्ये ते वारले.

शतकाच्या शेवटी एडिंबरोतले शिक्षक जॉन स्टर्जन मॅकाय यांनी या गोष्टीचा छडा लावायचे ठरवले. तिथल्या गणित मंडळाचे ते पहिले अध्यक्ष. सिमसन यांचे ग्रंथ त्यांनी धुंडाळले, पण रेषेचा मागमूस सापडला नाही. मागे मागे जात ते १७९९ च्या त्या नियतकालिकापर्यंत पोहोचले आणि तिथे वॉलेस यांचे नाव मिळाले. १८९१ च्या सुमारास त्यांनी हा शोध छापला आणि रेषेला वॉलेस यांचे नाव द्यावे, असे सुचवले. तोवर सिमसन रेषा हा शब्द भूमितीच्या पुस्तकांत रुळून गेला होता. आज काही पुस्तके वॉलेस-सिमसन रेषा असे जोडनाव वापरतात, तर बहुतेकांत एकटे सिमसनच आहेत.